विश्लेषण : ‘पैसे तर कधीच दिलेत!’ म्हणणाऱ्या ग्राहकाकडे पुरावा कसा मागायचा?

पावसाळ्याच्या तोंडावर शहापूर आणि मुरबाडच्या बाजारात पत्रे, पाइप, ताडपत्री, खते, बियाणे यांची जोरात विक्री होते. त्यातला बराच माल उधारीवर जातो. जून सरत आला की दुकानदार वही उघडतात आणि थकलेल्या बिलांची आठवण करून देणारे मेसेज व्हॉट्सअॅपवर पाठवू लागतात. त्यावर एक उत्तर हमखास येते : ‘शेठ, ते पैसे तर कधीच दिलेत. तुमची वही नीट बघा.’

आता दुकानदाराने काय लिहायचे? ‘नाही मिळाले’ असे लिहिले, तर समोरच्याला खोटे ठरवल्यासारखे होते. ‘बरं, बघतो’ लिहून गप्प बसले, तर पैसे अडकतात. तालुक्याच्या गावात ग्राहक आणि दुकानदार आठवड्यातून दोनदा समोरासमोर येतात, लग्नकार्यात एका पंगतीला बसतात. म्हणून हे चार ओळींचे उत्तर जपून लिहावे लागते. ते कसे लिहायचे आणि नेमका कोणता पुरावा मागायचा, हे एका उदाहरणातून पाहू.

पूर्वी हा प्रश्न कमी का येत होता?

मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव अनेकांना आठवत असेल. नोटाबंदीनंतर काही आठवड्यांतच, 1 डिसेंबर 2016 रोजी, राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून त्याची घोषणा झाली. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार कार्यक्रमाला होते. बँक ऑफ बडोदाच्या मदतीने तिथल्या दुकानदारांना कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे मिळाली होती. त्या यंत्राची एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. कार्ड स्वाइप झाले की यंत्रातून चिठ्ठी निघायची. एक दुकानदाराकडे, एक ग्राहकाकडे. वाद झालाच तर दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघता यायच्या.

पुढे क्यूआर कोड आला आणि चिठ्ठी गेली. आता स्पीकर ‘रुपये प्राप्त झाले’ असे सांगतो आणि तेवढ्यावर काम भागते. पण स्पीकर ऐकायला काउंटरवर कोणी नसेल, पैसे रात्री घरून पाठवले असतील किंवा दुसऱ्याच क्रमांकावर गेले असतील, तर दुकानदाराच्या वहीत ती नोंद चढत नाही. ग्राहकाच्या मोबाइलवर मात्र हिरवी खूण दिसते. दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात.

उदाहरण काय आहे?

समजा, शहापूरच्या बाजारात दोन भावांचे हार्डवेअरचे दुकान आहे. (व्यवहार आणि आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.) सरळगावकडच्या एका शेतकऱ्याने गोठ्यासाठी पत्रे, जीआय पाइप आणि हूक नेले. बिल क्रमांक 214, तारीख 26 मे, रक्कम 18,640 रुपये. पंधरा दिवसांची उधारी ठरली. 18 जूनपर्यंत वहीत बिल बाकीच दिसत होते, म्हणून धाकट्या भावाने आठवण केली आणि ‘कधीच दिलेत’ हे उत्तर आले.

ग्राहक बारा-तेरा वर्षांपासूनचा, वयाने मोठा. दुकानात सगळे त्यांना काका म्हणतात.

उत्तर लिहिण्याआधी काय तपासायचे?

मेसेज आल्या आल्या उत्तर द्यायचे नाही. आधी आपल्या बाजूची तपासणी करायची, कारण उत्तरातले पहिले वाक्य तिच्यावरच उभे राहते. ही तपासणी तीन ठिकाणी असते.

पहिले, दुकानाच्या खात्याचे बँक स्टेटमेंट. बिलाच्या तारखेपासून आजपर्यंतच्या सगळ्या जमा नोंदी बघायच्या. फक्त 18,640 हा आकडा शोधून थांबायचे नाही. लोक 18,600 किंवा 18,500 देतात, कधी दोन हप्ते करतात. यूपीआयची एका वेळची मर्यादा आडवी आली, तर रक्कम तोडून पाठवतात.

दुसरे, आपली वही किंवा टॅलीमधले त्या ग्राहकाचे खाते. पैसे आले असतील, पण जुन्या बाकीत जमा धरले गेले असतील, असे वारंवार घडते. यासाठी कायद्यातही नियम आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 59 ते 61 नुसार, कोणत्या देण्यापोटी पैसे देतो आहे हे ग्राहकाने सांगितले असेल आणि ते पैसे दुकानदाराने घेतले असतील, तर ते त्याच देण्यात धरावे लागतात. त्याने काही सांगितले नसेल आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर दुकानदार ते कोणत्याही कायदेशीर येण्यात धरू शकतो. दोघांनीही काही ठरवले नाही, तर जुने देणे आधी फिटते. त्यामुळे ‘214 चे पैसे दिले’ असे ग्राहक म्हणतो आणि दुकानदाराने ते मार्चच्या बिलात धरलेले असतात, तेव्हा पैसे हरवलेले नसतात, नोंद फक्त दुसऱ्या बिलापुढे पडलेली असते.

तिसरे, दुकानातली माणसे. रोख रक्कम अनेकदा माल पोहोचवणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हातात दिली जाते. काउंटरवर कोणी घेतली असेल आणि गल्ल्यात टाकून लिहायची राहिली असेल, तर तेही विचारून घ्यायचे.

आपल्या उदाहरणात धाकट्या भावाने दुकानाच्या चालू खात्याचे स्टेटमेंट पाहिले. 26 मे ते 18 जूनदरम्यान काकांच्या नावाची किंवा त्या रकमेच्या जवळपासची एकही जमा नव्हती. जुनी बाकीही नव्हती. टेम्पोवाल्याने रोख घेतली नव्हती.

पहिला मसुदा कुठे चुकतो?

मग त्याने हे टाइप केले :

‘काका, आम्हाला पेमेंट मिळालेले नाही. पुरावा असेल तर पाठवा, नाहीतर दोन दिवसांत पैसे क्लिअर करा.’

यात शिवी नाही, तरीही हे वाचून माणूस दुखावतो. ‘पुरावा असेल तर’ म्हणजे ‘नसणारच’ असा अर्थ निघतो. मुदत घातल्यामुळे निकाल आधीच दिल्यासारखा होतो. पण यातली मोठी चूक सुराची नाही, माहितीची आहे. ‘मिळालेले नाही’ हे वाक्य दुकानदार खात्रीने म्हणू शकत नाही. त्याने एका खात्यात, ठरावीक तारखांमध्ये बघितले आहे. त्यापलीकडे पैसे कुठे असतील तर त्याला माहीत नाही.

घाईत पाठवण्याआधी त्याने ते खोडले आणि दुसरे लिहिले :

‘नमस्कार काका, तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. गैरसमज नसावा, राग नसावा. जमलं तर पेमेंटचं काहीतरी पाठवलंत तर बरं होईल. काही घाई नाही.’

हे गोड आहे, पण याने काम होत नाही. ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे काकांना कळणार नाही. कोणते बिल, किती रक्कम, काहीच लिहिलेले नाही. विश्वासाची ग्वाही तर विनाकारण दिली आहे. कोणी विचारले नसताना ‘विश्वास आहे’ म्हटले की संशयच आधी डोकावतो. आणि ‘घाई नाही’ वाचून मेसेज बाजूला पडतो.

दोन्ही मसुद्यांत एकच गोष्ट राहिली आहे. आपण काय तपासले ते सांगितलेले नाही आणि समोरच्याने नेमके काय शोधायचे तेही सांगितलेले नाही.

नेमके काय मागायचे? स्क्रीनशॉट की नंबर?

बहुतेक जण ‘स्क्रीनशॉट पाठवा’ म्हणतात. स्क्रीनशॉट मागायला हरकत नाही, पण त्यातली हिरवी खूण हा पुरावा नव्हे. चित्रात फेरफार करता येतो. शिवाय घाईत काढलेला स्क्रीनशॉट ‘प्रोसेसिंग’मध्ये असलेल्या व्यवहाराचाही असू शकतो. उपयोग होतो तो त्यातल्या 12 अंकी क्रमांकाचा. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला असा क्रमांक मिळतो आणि तोच क्रमांक पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या बँक स्टेटमेंटमध्ये दिसतो. म्हणजे ग्राहकाने पाठवलेला नंबर दुकानदार आपल्या स्टेटमेंटमध्ये स्वतः शोधू शकतो. कोणाच्या शब्दावर विसंबायची गरज उरत नाही.

गोंधळ इथे होतो की अॅपमध्ये एकापेक्षा जास्त क्रमांक असतात. फोनपेमध्ये T ने सुरू होणारा लांब Transaction ID दिसतो, पण तो त्या कंपनीचा अंतर्गत क्रमांक आहे. बँकेशी जुळतो तो त्याच पानावरचा UTR. गुगल पेमध्ये Google transaction ID उपयोगाचा नाही, UPI transaction ID हवा. पेटीएममध्ये तो UPI Ref No या नावाने असतो. ग्राहकाने अक्षरे असलेला क्रमांक पाठवला आणि तो स्टेटमेंटमध्ये सापडला नाही, तर त्याला खोटे समजू नका. बहुधा त्याने दुसरा क्रमांक पाठवलेला असतो.

या क्रमांकाबरोबर आणखी दोन गोष्टी विचारायच्या. एक, पैसे कोणाच्या मोबाइलवरून गेले? घरात यूपीआय मुलगा किंवा सून वापरते आणि आपल्या स्टेटमेंटमध्ये त्यांचे नाव येते. ग्राहकाच्या नावाने शोधले तर नोंद सापडणारच नाही. दोन, पैसे कोणाला गेले? व्यवहाराच्या तपशिलात घेणाऱ्याचे नाव आणि यूपीआय आयडी असतो. नंबर जुळला नाही, तर पुढचा धागा तिथूनच मिळतो.

काय मागायचे नाही, हेही ठरवून घ्या. पूर्ण बँक स्टेटमेंट मागू नका. त्यात त्या घराचा सगळा व्यवहार असतो आणि आपल्याला एकच ओळ हवी असते. शिल्लक आणि खाते क्रमांक झाकून पाठवा, असे आपणच सांगावे. ओटीपी किंवा यूपीआय पिन तर कधीच विचारू नये. ‘पेमेंट तपासायला’ असे काही मागणारा माणूस दुकानदार नसून ठग असतो.

सुधारलेले उत्तर कसे दिसते?

धाकट्या भावाने शेवटी पाठवलेला मेसेज असा :

‘नमस्कार काका. तुमचा मेसेज आल्यावर बिल नं. 214 (26 मे, रु. 18,640) पुन्हा तपासलं. दुकानाच्या चालू खात्यात 26 मे ते 18 जूनपर्यंत या बिलाची जमा मला दिसत नाही. आमच्याकडून नोंद चुकली असेल किंवा पैसे दुसऱ्या खात्यावर गेले असतील, तर ते शोधायला तुमची थोडी मदत हवी.

फोनपे किंवा गुगल पेमध्ये ते पेमेंट उघडून त्या पानाचा फोटो पाठवाल का? त्यात 12 आकडी UTR नंबर आणि पैसे कोणाला गेले ते नाव दिसायला हवं. बॅलन्स, खाते नंबर झाकला तरी चालेल. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवरून दिले असतील तर त्यांच्याकडून घ्या. रोख दिले असतील तर कधी आणि कोणाकडे दिले तेवढं सांगा.

नंबर मिळाला की त्याच दिवशी बँकेत जुळवून तुम्हाला कळवतो. तोपर्यंत या बिलाची आठवण पुन्हा पाठवणार नाही.’

याची लांबी पहिल्या मसुद्याच्या कितीतरी पट आहे, पण प्रत्येक वाक्याला काम आहे. बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम दिल्याने दोघेही एकाच व्यवहाराबद्दल बोलू लागतात. ‘मिळाले नाहीत’च्या जागी ‘दुकानाच्या चालू खात्यात, या तारखांमध्ये दिसत नाही’ आले. हे खरेही आहे आणि यात कोणावर ठपका नाही. चूक आपली असू शकते, हे पुराव्याच्या मागणीआधी येते. त्यामुळे पुरावा काकांना तपासण्यासाठी नसून पैसे शोधण्यासाठी मागितला जातो आहे, हे कळते. शेवटच्या दोन वाक्यांत दुकानदाराने स्वतःवर जबाबदारी घेतली आहे. आठवणीचे मेसेज थांबवणे फार महत्त्वाचे आहे. एका बाजूला ‘तपासतो’ म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरमधून आपोआप ‘बिल थकले आहे’ असा मेसेज जायचा, म्हणजे सगळी नम्रता वाया.

काकांना टाइप करायचा कंटाळा असेल, तर हेच व्हॉइस मेसेजमध्ये बोलून सांगावे. मात्र बिल क्रमांक आणि रक्कम लिहूनही पाठवावी, नंतर शोधायला ती लागते.

मग पैसे सापडले कुठे?

संध्याकाळी काकांच्या मुलाच्या मोबाइलवरून फोटो आला. 2 जून, रात्री पावणेनऊ, 18,640 रुपये, व्यवहार यशस्वी. UTR दुकानाच्या चालू खात्यात शोधला, सापडला नाही. मग घेणाऱ्याचे नाव पाहिले, तर तिथे थोरल्या भावाचे नाव होते.

उलगडा असा झाला. फेब्रुवारीपर्यंत दुकानात थोरल्या भावाच्या बचत खात्याचा क्यूआर कोड होता. नंतर बँकेने चालू खात्याचा नवा कोड आणि स्पीकर दिला, काउंटरवरचे जुने स्टिकर काढले. पण काकांच्या मुलाने मागच्या वर्षी एकदा जुन्या कोडवर पैसे दिले होते. त्याच्या अॅपमध्ये ते नाव वरच दिसत होते. 2 जूनला कोड स्कॅन न करता त्याने त्या नावावर टिचकी मारली आणि पैसे बचत खात्यात गेले. स्पीकर बोलला नाही, वहीत नोंद झाली नाही. थोरल्या भावाच्या खात्यात घरचेही व्यवहार होते, त्यामुळे ती जमा त्याच्या लक्षात आली नाही. त्याच्या पासबुकात UTR तंतोतंत जुळला.

म्हणजे काका खरे बोलत होते. पहिला मसुदा गेला असता, तर दुकानाने स्वतःच्या चुकीसाठी जुन्या ग्राहकाला दोन दिवसांची मुदत दिली असती. शेवटचा मेसेज छोटा होता : ‘काका, पैसे सापडले. 2 जूनला आमच्याच जुन्या खात्यावर आले होते, चूक आमची. माफ करा. बिल नं. 214 पूर्ण जमा केलं, पावती पाठवतोय. मुलाला सांगा, पुढच्या वेळी दुकानातला नवीन कोड स्कॅन करायला.’

चूक सापडली की इतक्या स्पष्टपणे लिहावे. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ अशी पळवाट शोधू नये.

पैसे कापले गेले, पण कोणालाच मिळाले नाहीत तर?

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना किंवा शहापूरच्या आतल्या पाड्यांवर मोबाइलचे नेटवर्क मध्येच जाते. तिथे अर्धवट राहिलेले व्यवहारही असतात. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा होते आणि दुकानात पोहोचत नाही. अशा रकमेसाठी रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाने मुदत घातली आहे. व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवलेले यूपीआयचे पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराच्या व्यापारी कोडवर पाठवलेले पैसे पाच दिवसांपर्यंत ग्राहकाच्या खात्यात आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला, तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

म्हणून अशा वेळी ग्राहकाला लिहावे : ‘पेमेंटच्या दिवसानंतरच्या आठवड्यात तेवढीच रक्कम तुमच्या खात्यात परत आली आहे का, तेवढं पासबुकात बघाल का?’ अनेकदा पैसे परत आलेले असतात आणि ग्राहकाला त्याचा पत्ताच नसतो. परत आले नसतील, तर तक्रार ग्राहकाने आपल्या अॅपमधून किंवा बँकेत करायची असते. दुकानदार ती त्याच्या वतीने करू शकत नाही.

रोख किंवा चेक दिला असेल तर?

चेक असेल तर सहा आकडी चेक क्रमांक, तारीख आणि तो वटल्याची पासबुकातली नोंद मागावी. चेकबुकातला अर्धा तुकडा चेक लिहिल्याचे दाखवतो, वटल्याचे नाही. एनईएफटीने पाठवले असतील, तर त्याचाही यूटीआर असतो, पण तो 16 अक्षर-अंकांचा असतो.

रोखीचा प्रश्न सर्वांत नाजूक. इथे पावतीखेरीज पक्का पुरावा नसतो. ‘पावती दाखवा’ म्हणण्याआधी दिवस, वेळ आणि कोणाच्या हाती दिले ते विचारावे आणि आपल्या माणसाशी एकट्याने बोलावे. ग्राहकाला ‘आमचा माणूस असं करणार नाही’ असे लिहिणे म्हणजे ग्राहक खोटा असे म्हणणेच आहे. पावती देण्याची सवय दुकानानेच ठेवली नसेल, तर ती ग्राहकाकडे मागण्याला फारसा अर्थ उरत नाही. पाच हजारांवरच्या रोख पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावावे लागते, हेही लक्षात ठेवावे.

पुरावा आलाच नाही तर?

‘पैसे दिले’ असे जो म्हणतो, ते दाखवून देण्याची जबाबदारी साधारणपणे त्याचीच असते. दुकानदाराला माल दिल्याचे आणि बिलाचे कागद सांभाळावे लागतात. पण हे पहिल्या उत्तरात लिहायची गरज नाही. चार-पाच दिवस थांबून एक फोन करावा आणि त्यानंतर तोच मेसेज, कोणती माहिती अजून हवी आहे ते सांगून, पुन्हा पाठवावा. तरीही काही आले नाही, तर ‘अमुक तारखेपर्यंत तपशील मिळाला नाही, तर बिल बाकी धरावं लागेल’ असे साधे वाक्य लिहावे. मुदत इथे शोभते, कारण शोधण्याची संधी देऊन झालेली असते. वसुलीचा दावा करण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, त्यामुळे नम्रता म्हणजे विसरून जाणे नव्हे.

हा वाद पुन्हा येऊ नये म्हणून त्या हार्डवेअर दुकानाने दोन बदल केले. बचत खात्यावर दुकानाचे पैसे आले, तर थोरला भाऊ त्याच रात्री वहीत लिहितो. आणि बिलाच्या तळाशी आता एक ओळ छापली जाते : ‘पैसे पाठवताना नोटमध्ये बिल नंबर टाका.’